काजूची साफसफाई करताना डोळ्यात काटा रुतला तर: ओढू नका, दाबू नका, वर कप बसवा

पावसाळ्यानंतर डोंगरावरच्या काजूच्या बागायतीत करवंदाच्या जाळ्या, घाणेरी आणि वेली कंबरेपर्यंत वाढलेल्या असतात. बोंडू पडायला लागण्याआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, सत्तरी, डिचोली, पेडणे भागात सगळीकडे साफसफाई चालते. एका हाताने फांदी वाकवायची आणि दुसऱ्या हाताने कोयता मारायचा, ही आपली पद्धत. वाकवलेली फांदी हातातून निसटली की ती थेट तोंडावर येते. करवंदाचा काटा टणक आणि दुबेळक्यासारखा असतो, शिवाय डहाळीला घट्ट चिकटलेला असतो. तो डोळ्यात गेला की पुष्कळदा डहाळीचा तुकडा बाहेर लोंबत राहतो, आणि पाहणाऱ्याचा हात आपोआप तो उपटायला जातो. तो हात आधी थांबवायचा आहे.

डोळा हा बंद गोळा आहे. पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव आणि मागे अंड्याच्या पांढऱ्यासारखा दाट गर असतो, आणि आतून सतत थोडा दाब असतो. त्या दाबानेच डोळ्याचा आकार टिकतो. पुढची काच, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. काटा तिच्यातून आत गेला की भोक पडते, पण त्याच क्षणी काटाच त्या भोकाला बूच म्हणून बसतो. तो ओढला की बूच निघते, आतला द्रव बाहेर येतो आणि त्याच्याबरोबर बुबुळाचा रंगीत पडदा किंवा आतला गर जखमेत ओढला जातो. दाबल्यानेही तेच होते. पिकलेल्या जांभळाला टाचणीने भोक पाडून बोटांनी दाबले तर काय होते, ते आठवा. म्हणून कापसाचा बोळा ठेवून घट्ट पट्टी बांधणे हे इथे औषध नाही, तो दुसरा घाव आहे.

गेल्या हंगामात आमच्या वाड्यावरचे दोघे भाऊ साफसफाईला गेले होते. थोरल्याच्या उजव्या डोळ्यात काटा गेला आणि चार बोटे लांबीची डहाळी बाहेर राहिली. धाकट्याने ती धरायला हात पुढे केला, तेवढ्यात चहा घेऊन आलेली वहिनी ओरडली, ‘भावजी, हात लावू नका, त्यांना आधी खाली बसवा.’ पाठ काजूच्या बुंध्याला टेकवून त्याला बसवले. धाकटा म्हणाला, ‘दादा, डोळे फिरवू नको. त्या समोरच्या चिऱ्याकडेच बघत राहा.’ दोन्ही डोळे एकत्र फिरतात, त्यामुळे चांगला डोळा इकडे-तिकडे गेला तर जखमी डोळाही काट्याभोवती फिरतो आणि भोक मोठे होते. काही जण दोन्ही डोळे झाकायला सांगतात. माणूस शांत असेल आणि कोणी त्याचा हात धरून बोलत असेल तर झाकावेत. घाबरलेल्या माणसाचे दोन्ही डोळे झाकले तर तो डोके हलवतो, चाचपडतो, आणि मूळ हेतूच फसतो. डोंगर उतरायचा असेल तर चांगला डोळा उघडाच ठेवा.

मग वहिनीने डोक्यावरची चुंबळ घेतली, ती पाण्याची कळशी ठेवायची. स्वच्छ टॉवेल पिळून अशीच चुंबळ तुम्हालाही करता येईल. मधले भोक डोळ्याभोवती येईल आणि कड भुवईच्या हाडावर व गालाच्या हाडावर टेकेल, अशी ती ठेवायची. पापणीला तिचा स्पर्शही होता कामा नये. चुंबळीवर मोठा कागदी कप उपडा ठेवायचा. काटा कपापेक्षा लांब असेल तर कपाच्या बुडाला भोक पाडा आणि काठापासून भोकापर्यंत एक चीर द्या. असा कप डहाळीवरून वरून घालावा लागत नाही, बाजूने सरकवून बसवता येतो. टपरीवरचा छोटा चहाचा कप मात्र पुरत नाही, त्याची कड पापणीवरच येते. आधी स्वतःच्या डोळ्यावर ठेवून बघा. पापणी मिटताना कडेला लागत असेल तर मोठा कप घ्या. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचे कापलेले बूडही चालते, फक्त त्याच्या धारदार कडेवर टेप लावा. घामाने चिकटपट्टी सुटते, म्हणून कपाळ आणि गाल कोरडे पुसून कपाळापासून गालापर्यंत तिरक्या दोन-तीन पट्ट्या लावा. पट्टीने कप जागेवर राहायला हवा, डोळ्यावर दाब यायला नको.

काटा अजून झाडालाच जोडलेला असेल तर एकाने डोके धरायचे, दुसऱ्याने डहाळी डोळ्याच्या जवळून स्थिर धरायची आणि तिसऱ्याने हाताच्या पलीकडे सिकेटरने ती कापायची. कोयत्याचा घाव घालू नका, त्याचा धक्का काट्यापर्यंत जातो.

आता घरगुती उपचारांबद्दल. डोळ्यात धूळ किंवा औषधाचा फवारा गेला तर पाण्याने धुणे बरोबर आहे. काटा आत रुतला असेल तर पाणी, दूध, मध, एरंडेल, घरातले थेंब किंवा मलम यांपैकी काहीही घालू नका. मातीतले जंतू आणि झाडावरची बुरशी आधीच आत गेलेली असते, त्यात भर नको. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनही देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. जेवण, चहा, पाणी सगळे बंद, कारण बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागते. शेवटचे कधी खाल्ले ते लक्षात ठेवा.

१०८ वर फोन करा. वाळपईकडून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला पोचायला तासाहून जास्त लागतो, तरी स्कूटरवर नेऊ नका. खड्ड्यातला प्रत्येक धक्का डोळ्यात जातो. डोके उंच, अर्धवट बसलेली स्थिती ठेवा. जोराचा खोकला, शिंकरणे आणि ओकारी यांनी डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून मळमळत असेल तर रुग्णवाहिकेतल्या माणसाला लगेच सांगा. उरलेली डहाळी पिशवीत घालून बरोबर द्या. काटा करवंदाचा होता की बांबूची शीग, मातीतला होता की झाडावरचा, यावरून डॉक्टरांना जंतुसंसर्गाचा अंदाज येतो. धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली, तेही सांगा.

काटा आपोआप निघून पडला, किंवा कोणी तोपर्यंत उपटलाच, तरी कप बसवूनच न्या. दुखणे कमी असते म्हणून लोक घरी थांबतात. बाहुली गोल न राहता थेंबासारखी एका बाजूला ओढलेली दिसली, जखमेत तपकिरी ठिपका दिसला, गालावर अचानक कोमट पाणी ओघळले किंवा दृष्टी धूसर झाली, तर डोळा फुटला आहे असेच धरा. यातले काहीच दिसले नाही तरी आत काही गेले नसेल असे म्हणता येत नाही. ब्रश कटरचे पाते चिऱ्यावर आपटून उडालेला लोखंडाचा कण नुसता टोचल्यासारखा वाटतो, नजरही पहिल्या दिवशी ठीक असते, आणि आत राहून तो गंजत जातो.

त्या थोरल्या भावाच्या डोळ्यातला काटा त्याच रात्री सूक्ष्मदर्शकाखाली काढून काच शिवली. काटा भिंगापर्यंत गेला होता, त्यामुळे पुढे मोतीबिंदू झाला आणि दुसरी शस्त्रक्रिया लागली. आज त्या डोळ्याने त्याला माणसे ओळखता येतात, बारीक अक्षर वाचता येत नाही. यंदा दोघे भाऊ बाजूने बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावून साफसफाई करतात. ब्रश कटरबरोबर मिळणाऱ्या जाळीच्या मुखवट्यातून बारीक काटा आरपार जातो, म्हणून मुखवट्याच्या आतही ते तो चष्मा लावतात. वहिनीच्या पिशवीत चहाच्या थर्मासबरोबर दोन मोठे कागदी कप आणि चिकटपट्टी असते.