डोंगरउतारावरील घर : टप्पे आणि संरक्षक भिंत कशी बांधावी

पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या बाजूला उतारावर घर बांधणारे बहुतेक जण भिंत किती जाड हवी, हे आधी विचारतात. पण भिंतीमागचे पाणी कोठून बाहेर पडणार, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. ५ फूट उंच भिंतीवर कोरड्या मुरमाचा रेटा दर मीटर लांबीला साधारण ७०० किलो असतो आणि तेच पाणी माथ्यापर्यंत साचले, तर तो दीड टनापर्यंत जातो.

समजा, प्लॉट ४० फूट लांब असून त्यात १० फुटांचा उतार आहे. येथे १० फुटांची एकच भिंत न बांधता ५-५ फुटांच्या दोन भिंती घालाव्यात आणि दोहोंमध्ये निदान १० फूट अंतर ठेवावे, म्हणजे वरच्या भिंतीचा भार खालच्या भिंतीवर फारसा येत नाही. घर खोदून काढलेल्या मूळ जमिनीवर बसवावे. भरावावर घराचा कोपरा येतच असेल, तर त्या कॉलमचा पाया भराव ओलांडून मूळ मुरमात न्यावा.

खोदाई दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर भिंत पूर्ण करावी. जेसीबीने सगळा उतार एकदम कापू नये. १० फुटांचा तुकडा कापावा, तेथील भिंत उभी करावी आणि मगच शेजारचा तुकडा घ्यावा. पाया कठीण मुरमात २ फूट खाली न्यावा. काळ्या दगडाच्या भिंतीची रुंदी तळाशी ३ फूट व माथ्याला दीड फूट असावी आणि आतपर्यंत जाणारे लांब दगड अधूनमधून बसवावेत. उंची ५ फुटांच्या वर जात असेल किंवा भिंतीच्या काठाशीच घर येणार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आरसीसी भिंतीचे डिझाइन करून घ्यावे.

आता निचरा. जमिनीपासून अर्धा फूट उंचीवर, दर ५ फुटांवर, ३ इंची पाइप बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवावेत. भिंतीमागे फूटभर जाडीचा खडीचा थर आणि खडी व माती यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड घालावे. आमच्या ओळखीतल्या एका घरी गवंड्याने खडीऐवजी खोदाईतली चिकट लाल मातीच पाइपांच्या तोंडाशी दाबली होती. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या मध्यावर पोट आले आणि सांधे आडवे फाटले. खडीमागचा भराव ६-६ इंचांच्या थरांनी, हलक्या यंत्राने दाबावा. माथ्यावर सिमेंटचा चर काढून डोंगरावरून येणारे पाणी बाजूला वळवावे आणि छताचे पाणी पाइपने थेट खाली सोडावे.

पहिल्या मोठ्या पावसात भिंतीसमोर उभे राहून पाइप पाहावेत. स्वच्छ पाणी येत असेल, तर निचरा ठीक आहे. गढूळ पाणी सतत येत असेल, तर मागची माती वाहून चालली आहे. मागची जमीन भिजून चिंब झालेली असूनही पाइप कोरडे असतील, तर ते तुंबले आहेत आणि ते लगेच मोकळे करावेत.