पातळ झालेला रस्सा बेसनाने दाट करताना

चार जणांपुरता फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा पातळ झाला, तर तो झाकण काढून आटवता येतो. मात्र मीठ आधीच नेमके पडले असेल, तर आटवल्याने रस्सा खारट होतो, म्हणून अशा वेळी बेसनच बरे. दोन लहान चमचे बेसन मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडे भाजावे, निवल्यावर अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे आणि रस्सा ढवळत बारीक धारेने ओतावे. कोरडेच टाकल्यास गोळ्या होतात व त्या आतून कच्च्या राहतात. नंतर पाच मिनिटे उकळी हवीच, कारण बेसन शिजल्यावरच रस्सा दाटतो; घाईने आणखी चमचाभर घातले, तर ताटात वाढेपर्यंत रश्श्याचे पिठले होते आणि मग कढत पाणी घालून ते सैल करावे लागते.