विसर्जन मिरवणुकीचं शूटिंग: या चुका टाळा

अनंत चतुर्दशी झाली की माझ्याकडे व्हिडिओ यायला लागतात. "काका, एवढं जरा नीट करून द्या ना." उघडून बघावं तर दरवर्षी त्याच चुका. मोबाइलमध्ये मोड दिलाय म्हणून तो कुठेही, कधीही वापरायचा, हा सगळ्यांचा मूळ आजार.

सगळ्यात जास्त वाया जातो तो रात्रीचा स्लो मोशन. एका ओळखीच्यांची मुलगी ढोलपथकात वाजवते. लक्ष्मी रोडवर तिचं पथक आलं तेव्हा अंधार पडला होता. बाबांनी २४० फ्रेमचा स्लो मोशन लावला आणि पठ्ठ्याने सलग वाजवणं टिपलं. घरी बघतात तर मुलगी, ढोल, मागचा रथ, सगळंच थरथर लुकलुकतंय. त्यांना वाटलं फोन बिघडला, दुकानातही जाऊन आले.

फोन ठणठणीत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. तिच्यावर चालणारे बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. साध्या व्हिडिओतली प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागापर्यंत उघडी राहू शकते, त्यामुळे लुकलुक आतल्या आत जिरते. २४० फ्रेमला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला फार तर सेकंदाचा २४० वा भाग येतो. मग एक फ्रेम उजळ, दुसरी काळपट. तेच आठपट संथ केलं की सेकंदाला साधारण बारा वेळा लुकलुकताना दिसतं. "मग १२० वर लावतो" हा उपायही फसवा. तिथे ती लुकलुक सेकंदाला पाचवर येते, म्हणजे जास्तच खुपते. शिवाय इतका कमी वेळ उजेड मिळाल्यामुळे चित्रात दाणे येतात ते वेगळेच. मी लुकलुक कमी करणारा फिल्टर लावून पाहिला. चेहरा थोडा स्थिरावला, रथ नाही.

म्हणून माझी सवय अशी, की स्लो मोशन फक्त उन्हात. मानाचे गणपती सकाळी मंडईतून निघतात, तेव्हाच तो उरकून घ्यायचा. रस्त्यावर इमारतींची सावली असते, तेव्हा उन्हाचा पट्टा हेरून तिथे उभं राहायचं आणि पथक त्यात येईपर्यंत थांबायचं. हे थांबणंच नवशिक्यांना जमत नाही. टिपरू ढोलाच्या पानावर आदळतं, पान थरथरतं, वर पडलेला गुलाल उडतो, एवढे तीन-चार सेकंद पुरेत. आठपट संथ केल्यावर त्याचा अर्धा मिनिट होतो. दहा मिनिटं टिपलंत तर ऐंशी मिनिटांचा व्हिडिओ होईल, तो कोण बघणार? आणि संथ केलेल्या ढोल-ताशाचा नुसता घरघराट उरतो. त्यासाठी साध्या व्हिडिओवर अर्धा मिनिट वेगळं घ्या आणि तो आवाज खाली जोडा. रात्री रथ हवाच असेल तर आधी दोन सेकंद टिपून जागेवरच चालवून बघा. काही दिवे अजिबात लुकलुकत नाहीत.

टाइमलॅप्स हातात धरून करू नका. गच्ची किंवा गॅलरी गाठा, फोन स्टँडवर लावा, एअरप्लेन मोड चालू करा, पॉवर बँक जोडा. वेग निवडता येत असेल तर गर्दीसाठी १० ते १५ पट ठेवा. ६० पटीला फोन दोन सेकंदांनी एक फ्रेम घेतो, त्यामुळे चार सेकंदांत समोरून गेलेला माणूस दोनच फ्रेममध्ये दिसतो आणि भुतासारखा गायब होतो. ६० पट सूर्यास्ताला शोभते, पाऊण तासाचे पंचेचाळीस सेकंद. तिथे सूर्य फ्रेमच्या डावीकडे वर ठेवा, कारण आपल्याकडे तो मावळताना उजवीकडे सरकत उतरतो. आणि तो बुडाला की लगेच स्टँड आवरू नका, आकाश त्यानंतरच रंगतं.

झगमगता रथ समोर आला की कॅमेरा उजेड कमी करतो आणि तो गेला की वाढवतो, म्हणून व्हिडिओ धडधडतो. स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करा. पण संध्याकाळी साडेपाचला लॉक करून रात्रीपर्यंत ठेवलंत तर काळोखाशिवाय काही मिळणार नाही. दिवस आणि रात्र यांचे दोन वेगळे टाइमलॅप्स करा.

पॅनोरमा चालत्या मिरवणुकीचा घेऊच नका. फोन पट्ट्या जोडत जातो, तेवढ्यात माणसं पुढे सरकतात. तुम्ही फिरवता त्याच दिशेने चालणारा लांबट होतो, उलटा येणारा आखडतो, ध्वजाची काठी मधेच तुटते. पथक चौकात एका जागी उभं राहून वाजवत असेल तर थोडं लांब जाऊन घ्या, तरी टिपरी धरलेले हात तुटलेले दिसतीलच. फोन उभा धरा. सुरुवात उन्हाच्या बाजूने करू नका, कारण बऱ्याच फोनमध्ये पहिल्या पट्टीचं एक्सपोजर शेवटपर्यंत राहतं आणि बाकीचा चौक काळा पडतो. आयफोनवर बाणाला टिचकी मारली की दिशा उलटते, मग सावलीकडून सुरू करता येतं.