जंताची गोळी देऊनही रात्रीची खाज परत येते? या चुका टाळा

तासगावकडचं एक घर, माणसं सात. सहा वर्षांचा मुलगा रात्री झोपेतून चुळबुळत उठायचा आणि ढुंगण खाजवत रडायचा. आजीने गूळ-साखर बंद केली. शाळेत जंताची गोळी मिळाली, काही दिवस बरे गेले आणि महिन्याभराने पुन्हा तेच. आई वैतागून म्हणाली, "डॉक्टर, गोळीच लागू पडत नाही."

गोळी लागू पडली होती. पण ती पोटातले जंत मारते, अंडी नाही. या सुतासारख्या जंतांची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन हजारो अंडी घालते, त्याचीच ती खाज. काही तासांत ही अंडी लागण करण्याजोगी होतात. खाजवताना ती नखात जातात आणि नखातून पुन्हा तोंडात. गुळाचा यात काही दोष नाही.

आईने संडासची तपासणी करून आणली होती, त्यात काहीच नव्हतं. या जंतांच्या बाबतीत ती तपासणी बहुतेक वेळा कोरीच येते. मी सांगितलं, मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी लावून बघा. दुसऱ्याच रात्री तिला सेंटिमीटरभर लांबीचे, पांढऱ्या दोऱ्यासारखे दोन जंत दिसले. दिसले नसते, तर सकाळी धुण्याआधी त्या जागी सेलोटेप दाबून लॅबमध्ये द्यायला सांगणार होतो, तीन दिवस ओळीने.

मोठी चूक मात्र वेगळीच होती. गोळी एकट्या पोराने घेतली होती. "मला कुठं खाजतंय?" म्हणून वडील मोकळे, पण मोठ्यांना खाज नसली तरी जंत असू शकतात. यावेळी सगळ्यांनी एकाच दिवशी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम घेतली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. तोवर राहिलेल्या अंड्यांतून नवे जंत झालेले असतात, त्यांच्यासाठी ही दुसरी गोळी. शाळेत एका वेळी एकच गोळी मिळते, ती इथे पुरत नाही. काकू गरोदर होती, तिला गोळी दिली नाही. दोन वर्षांखालच्या बाळालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आता वाकळ. तिघं पोरं एका वाकळीत झोपायची आणि आजी ती रोज सकाळी खोलीतच झटकायची. झटकली की अंडी हवेत उडतात, जमिनीवर आणि भांड्यांवर बसतात. कपड्यांवर, अंथरुणावर ती दोन-तीन आठवडे टिकू शकतात. म्हणून गोळीच्या दिवशी वाकळ न झटकता गुंडाळून बाहेर नेली, गरम पाण्यात धुतली आणि कडक उन्हात वाळवली. खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसली.

पोराची आंघोळ संध्याकाळी व्हायची, ती सकाळी उठल्याउठल्या सुरू केली, कारण रात्रीची अंडी सकाळीच धुऊन जायला हवीत. चड्डी रोज सकाळी बदलायची, नखं बारीक कापायची. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, नखांच्या खालीसुद्धा.

पहिल्या गोळीनंतर तीन रात्री तो खाजवतच होता. आई घाबरून आली, पण तेवढं चालतं. दुसऱ्या गोळीची तारीख तिने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केली होती आणि त्या दिवशी ट्रकवर निघालेल्या नवऱ्याला दारातच अडवून गोळी चावायला लावली.