क्लेमनंतर क्वेरीचं पत्र आलं तर

मिरजेत मामांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. बिलं भरून क्लेम टाकला आणि पंधरवड्यात विमा कंपनीचं पत्र आलं: इनडोअर केस पेपर, मूळ औषध बिलं आणि ‘मधुमेह कधीपासून?’ याचा डॉक्टरांचा दाखला द्या.

खरी मेख तिसऱ्या मागणीत होती. डिस्चार्ज कार्डावर मधुमेह ‘१० वर्षांपासून’ असं टाइप झालं होतं. प्रत्यक्षात तो दोनच वर्षांपूर्वी कळला होता आणि पॉलिसी चार वर्षांची. म्हणजे आजार लपवून पॉलिसी घेतली, असा अर्थ निघत होता. म्हणून पत्र आलं की आधी आपलं डिस्चार्ज कार्ड ओळ न् ओळ वाचा. चूक सापडली तर स्वतः खाडाखोड अजिबात करू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह दुरुस्तीचा दाखला घ्या. सोबत आजार पहिल्यांदा कळला तेव्हाचा रक्ताचा रिपोर्ट जोडा. नुसत्या दाखल्यापेक्षा त्या जुन्या तारखेचं वजन जास्त.

केस पेपर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज केल्यावर मिळतात. थोडे दिवस लागतात, तेव्हा पहिल्याच दिवशी अर्ज द्या.

उत्तरात क्लेम नंबर घालून पत्रातल्याच क्रमाने मुद्दे लिहा. एखादा कागद नसेलच तर तो का नाही ते लिहा. मुद्दा गाळला की पुन्हा क्वेरी येते. मुदतीत जमणार नसेल तर तसं आधीच ईमेलने कळवा. मूळ बिलं देण्याआधी झेरॉक्स काढा आणि पोच घ्याच.