डायलिसिस आणि इन्सुलिन: साखर उतरत नाही म्हणून पुन्हा टोचू नका

आमच्या डायलिसिस केंद्रात पहाटे येणाऱ्या फोनचे मला आता बऱ्यापैकी अनुमान बांधता येते. रुग्ण घामाने ओलाचिंब झाला आहे, हाका मारूनही ओ देत नाही, घोरल्यासारखा श्वास घेतो आहे, आणि घरच्यांना शंका अर्धांगवायूची आहे. मी पहिला प्रश्न विचारतो तो रात्रीच्या इन्सुलिनचा. दहापैकी निम्म्या वेळा उत्तर तेच असते: मूत्रपिंड चांगले असताना ठरवलेला डोस मूत्रपिंड बंद पडल्यावरही तसाच चालू आहे, किंवा साखर लवकर उतरली नाही म्हणून कोणीतरी वरून आणखी टोचले आहे. या लेखात मुख्यतः या दोन चुकांबद्दलच लिहीत आहे.

आधी कारण समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन प्रथम यकृतात जाते आणि तिथेच त्यातील जवळपास निम्मे मोडले जाते. टोचलेले इन्सुलिन मात्र कातडीखालून थेट सर्व शरीराच्या रक्तात मिसळते, त्यामुळे ते संपवण्याच्या कामात मूत्रपिंडाचा वाटा बराच मोठा असतो. मूत्रपिंडाच्या गाळणीतून ते खाली उतरते आणि पुढच्या नलिकेच्या पेशी ते शोषून घेऊन मोडून टाकतात. गाळणी मंदावली तरी याच पेशी काही काळ भोवतालच्या रक्तातून इन्सुलिन उचलून तूट भरून काढतात. म्हणूनच क्रिएटिनिन तीन-चार असताना डोसमध्ये फारसा फरक जाणवत नाही. पण गाळण्याचा वेग मिनिटाला १५ ते २० मिलिलिटरच्या खाली गेला की ही सोय संपते, आणि मग टोचलेले प्रत्येक युनिट रक्तात नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळते. डायलिसिसचे यंत्र ही उणीव भरून काढत नाही. यंत्र आठवड्यातून काही तास चालते आणि मूत्रपिंड अहोरात्र चालत असते.

त्यात दुसरी गोष्ट मिसळते, जी रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. उपाशीपोटी शरीराला लागणारी साखर यकृताबरोबर मूत्रपिंडही तयार करते. पहाटे तीन वाजता, पोट रिकामे असताना, इन्सुलिन जास्त आणि साखर बनवणारा एक अवयव कमी, अशी स्थिती असते. शिवाय डायलिसिसआधी रक्तातील विषारी घटकांमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसते. डायलिसिस नियमित सुरू झाले की ही अडचण कमी होते आणि गरज आणखी घटते. भूक मेलेली असते, वजन उतरलेले असते. जुना डोस कागदावर तोच दिसला, तरी त्या शरीरासाठी तो आता दुप्पट झालेला असतो.

लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ६२, वजन ५६ किलो, डायलिसिस सुरू होऊन चार महिने झालेले, मंगळवारी आणि शुक्रवारी. खरे तर आठवड्यातून तीन वेळा यायला हवे, पण एसटीचे वेळापत्रक आणि सोबत येणाऱ्या मुलाचे शेत यांच्यापुढे तिसरा वार टिकला नाही. इन्सुलिन ३०/७० मिश्रण, सकाळी २२ आणि संध्याकाळी १४, म्हणजे दिवसाला ३६ युनिट. हा डोस दोन वर्षांपूर्वीचा, वजन ६६ किलो असतानाचा. आमच्याकडे आल्यावर तो तसाच पुढच्या कागदावर उतरला, आणि उतरवून घेणाऱ्यांत मीही होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

एका शुक्रवारी डायलिसिसहून परतताना ते एका लग्नात जेवले. रात्री साडेनऊला मुलाने साखर तपासली तर ३४२. त्याने संध्याकाळचे राहिलेले १४ युनिट दिले. साडेअकराला २९८ आली, तेव्हा घरात ठेवलेले साधे, म्हणजे रेग्युलर, इन्सुलिन ८ युनिट दिले. दीड वाजता २४१, म्हणून आणखी ६. पहाटे पाच वाजता वडील उठेनात. ग्लुकोमीटरवर आकडा होता ३१. शहरात आणून शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलिलिटरची बाटली दिल्यावर ते डोळे उघडून बोलू लागले, आणि कुटुंबाला वाटले की आता घरी जाता येईल. नऊ वाजता साखर पुन्हा ३८. पुन्हा डेक्स्ट्रोज दिले, मग १० टक्के डेक्स्ट्रोजचे सलाईन हळूहळू सोडत, तासातासाला तपासत तीस तास काढले. डायलिसिसच्या रुग्णाला इतके पाणी देताना धाप लागणार नाही ना, ही वेगळी काळजी होतीच. मुलगा इतकेच म्हणाला, “साहेब, साखर उतरंना म्हणून दिलं.”

आता हेच आकडे पुन्हा पाहू. ३४२ वरून २९८, तिथून २४१. म्हणजे दर दोन तासांनी पन्नासच्या आसपास साखर उतरतच होती. पहिला डोस काम करत होता. मुलाला हवा होता तो १४० चा आकडा, आणि तो लगेच हवा होता. रेग्युलर इन्सुलिनचा अंमल चांगल्या मूत्रपिंडाच्या माणसात सहा ते आठ तास राहतो, आणि या रुग्णात तो त्याहून लांबतो. ३०/७० मधील सत्तर टक्के भाग एनपीएच, म्हणजे हळूहळू चढणारे आणि लांब चालणारे इन्सुलिन असतो. त्याचा जोर चार ते आठ तासांनी वाढतो, आणि साडेनऊला दिलेल्या डोससाठी ती वेळ नेमकी रात्री दीड ते पहाटे साडेपाचची. म्हणजे दीड वाजता तिसरी सुई टोचली तेव्हा पहिलीचा जोर सुरू होत होता आणि दुसरी अजून अर्धीही संपलेली नव्हती. एका रात्रीत २८ युनिट, किलोमागे अर्धा युनिट, आणि ते बाहेर काढायला मूत्रपिंड नाही. साखर दुसऱ्यांदा ३८ वर गेली तीही याच कारणाने: डेक्स्ट्रोज तासाभरात संपले, इन्सुलिन संपले नव्हते. डायलिसिसवरील रुग्ण शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी नेऊ नये. किमान एक दिवस देखरेख हवी.

त्यानंतर आम्ही किलोमागे पाव युनिट धरून दिवसाला १४ युनिटांपासून पुन्हा सुरुवात केली: सकाळी एनपीएच ८ आणि दोन्ही जेवणांपूर्वी रेग्युलर ३-३. लांब चालणारे इन्सुलिन सकाळी देण्यामागे मोठे शास्त्र नाही, ती माझी सवय आहे. त्याचा जोर उजेडात यावा, घरचे जागे असताना, असे मला वाटते. सर्वसाधारण संकेत असा आहे की गाळण्याचा वेग १० ते ५० असेल तर एकूण इन्सुलिन चतुर्थांशाने कमी करावे आणि १० च्या खाली निम्म्याने. माझ्या रुग्णांत मी खालच्या अंगाने सुरुवात करतो आणि तीन-चार दिवसांच्या नोंदी पाहूनच दोन युनिट वर-खाली करतो. नव्याने काम शिकणारे डॉक्टर रोज डोस बदलतात आणि त्याला तत्परता समजतात. ज्या औषधाचा कालचा अंश आज शरीरात आहे, त्याचा हिशेब रोज नव्याने मांडता येत नाही.

झोपण्यापूर्वी साखर वाढलेली दिसली तर ३०० पर्यंत मी काहीही देऊ देत नाही. त्यावर असेल तर रेग्युलर फार तर दोन युनिट, आणि त्यानंतर आठ तास दुसरी सुई नाही. पहाटे तीनला एकदा जरूर तपासावे, पण ते साखर कमी झालेली नाही ना हे पाहण्यासाठी. उलटी, धाप किंवा गुंगी असेल तर मात्र घरी प्रयोग न करता थेट रुग्णालय गाठावे. ज्यांचा मधुमेह लहान वयापासूनचा, टाइप १ आहे, त्यांनी साखर कमी होण्याच्या भीतीने लांब चालणारे इन्सुलिन पूर्ण बंद करू नये.

“डायलिसिस लागल्यापासून शुगर बरी झाली” हे वाक्य ऐकले की मी सावध होतो. सतत ९०-१०० येणारी उपाशीपोटीची साखर या रुग्णांत आनंदाची बातमी नसून डोस कमी करण्याची सूचना असते. काहींचे इन्सुलिन पुढे पूर्ण थांबवावे लागते, तेही घरच्यांना पटवून देणे सोपे नसते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीचा आधार घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की डायलिसिसमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने आणि रक्त भरणे चालू असते, त्यामुळे तो आकडा अनेकदा खोटा कमी येतो. मी घरच्या साखरेच्या नोंदींची वही पाहतो.

डायलिसिसच्या दिवसाबद्दल. यंत्रातील द्रावणात साखर असते किंवा नसते. सर्वसाधारणपणे असलीच तर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम. नसेल तर रक्तातील साखर द्रावणात निघून जाते, म्हणून आपल्या केंद्रात कोणते द्रावण वापरतात हे तंत्रज्ञाला विचारून ठेवावे. सकाळची पाळी असेल आणि नाश्ता होणार नसेल, तर जेवणाचे इन्सुलिन घेऊ नये. हे लिहायची वेळ यावी याचे मला दर वेळी नवल वाटते. यंत्रावर असताना घाम आला, डोळ्यांसमोर अंधारी आली, की सगळे रक्तदाबाच्या मागे धावतात, सलाईन सोडतात आणि थांबतात. आमच्या केंद्रात नियम असा आहे की रक्तदाबाचा पट्टा बांधतानाच दुसऱ्या हाताच्या बोटातून साखरही तपासायची. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना छातीतील धडधड जाणवत नाही, आणि जुन्या मधुमेहात नसा बधिरल्याने घामही येईलच असे नाही. अशा वेळी रुग्णाचे असंबद्ध बोलणे किंवा अकारण चिडणे हेच पहिले लक्षण असते.

उरलेल्या चुका थोडक्यात. ग्लिबेनक्लामाइडची गोळी मूत्रपिंड निकामी झाल्यावर चालू ठेवू नये. तिचे अंश साठतात आणि साखर कित्येक दिवस पाडत राहतात. साखर कमी झाली तर नारळपाणी, संत्र्याचा रस किंवा केळे देऊ नये, त्यांतील पोटॅशियम या रुग्णांना घातक ठरते. अर्ध्या कप पाण्यात तीन-चार चहाचे चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटांनी तपासावे, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता रुग्णालयात न्यावे. मिलिलिटरला ४० युनिटांच्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज वापरावी. मिलिलिटरला १०० युनिटांचे इन्सुलिन त्याच लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढले तर डोस अडीचपट होतो. एकादशीचा उपवास करायचा असेल तर आदल्या दिवशी सांगावे, दुसऱ्या दिवशी नव्हे.

त्या शेतकऱ्याच्या मुलाच्या वहीत आता साखरेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे: शेवटची सुई किती वाजता आणि किती युनिट. रात्री आकडा मोठा दिसला की तो आधी त्या रकान्यात पाहतो आणि आठ तास झाले नसतील तर वही मिटून ठेवतो.