आलेली वस्तू आणि विक्री पानावरचे फोटो पडताळताना या चुका टाळा

गणपतीच्या तोंडावर कोकणात घरोघरी ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची पार्सले येऊ लागतात आणि त्यांच्याबरोबरच "फोटोत दाखवले होते तसे नाही" या तक्रारीही येतात. यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्या असतात, पण त्या चुकीच्या मुद्द्यावर मांडल्या जातात आणि मग विक्रेता त्या सहज फेटाळतो. दापोलीजवळच्या एका गावात आलेल्या पितळी समईचे उदाहरण घेतले की नेमके काय चुकते, हे स्पष्ट दिसते.

समई मागवणाऱ्या काकूंच्या तीन तक्रारी होत्या. रंग पिवळाधमक नसून तांबूस आहे, बैठक फारच अरुंद आहे, आणि पानावर समयांची जोडी दिसत असताना प्रत्यक्षात एकच आली आहे. पुरावा म्हणून त्यांनी संध्याकाळी माजघरात, पिवळ्या बल्बच्या उजेडात, उभ्याने वरून काढलेला एक फोटो जोडला होता. या तिन्ही तक्रारी टिकणाऱ्या नव्हत्या, आणि तरीही समई परत करण्याजोगीच होती.

रंगावरून निकाल देऊ नका

पिवळ्या बल्बखाली पितळ तांबूस दिसते आणि मोबाईलचा कॅमेरा तो फरक काही वेळा अंशतः दुरुस्त करतो, काही वेळा मुळीच करत नाही. म्हणून रंग तपासायचा असेल तर वस्तूशेजारी साधा पांढरा कागद ठेवून फोटो काढावा. फोटोत कागदच पिवळट दिसत असेल, तर समईच्या तांबूसपणाला काही अर्थ उरत नाही.

पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी पडवीत मिळणारा उजेड यासाठी उत्तम असतो, कारण तो सगळीकडून सारखा येतो आणि तीव्र सावल्या पाडत नाही. मात्र पागोळ्यांपासून बचावासाठी पडवीला निळी ताडपत्री लावलेली असेल, तर तिच्यातून गाळून येणारा निळा उजेड सगळ्याच वस्तूंवर पसरतो. त्यात घासून चकचकीत केलेले पितळ आरशासारखे आजूबाजूचे रंग दाखवते, त्यामुळे समोर माड-पोफळींची हिरवाई असली तर तीही समईवर उतरते. अशा वस्तूच्या बाबतीत छटेतला फरक हा परतीचा आधार धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत उघडे पितळ लवकर काळवंडते. पार्सल उघडून आठवडाभराने फोटो काढला, तर दिसणारा डाग मूळचा की हवेचा, हे सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून मोबाईलचा पडदा पिवळसर करण्याची सोय चालू असेल, तर विक्रेत्याचा फोटोच मुळात वेगळा दिसतो. ती सोय बंद करून दोन्ही फोटो एकाच मोबाईलवर, एकापाठोपाठ एक पाहावेत.

वरून काढलेल्या फोटोवरून आकार ठरवू नका

काकूंनी मोबाईल समईच्या वरच्या तबकापासून साधारण 40 सेंमी उंचीवर धरला होता. समई 33 सेंमी उंच असल्यामुळे बैठक कॅमेऱ्यापासून 73 सेंमी दूर राहिली. दूरची वस्तू त्या प्रमाणात लहान दिसते, म्हणून 13 सेंमी रुंदीची बैठक तबकाच्या तुलनेत जेमतेम 7 सेंमीची वाटत होती. बैठकीत दोष नव्हता, तो भास फोटोच्या कोनामुळे झाला होता.

विक्रेत्याचा फोटो बहुधा समोरून आणि लांबून काढलेला असतो. आपणही समई टेबलावर ठेवून, दोन-अडीच मीटर मागे जाऊन, मोबाईल तिच्या मध्याच्या उंचीवर धरून आणि दुप्पट झूम करून फोटो काढावा. मग दोन्ही फोटोंत पडद्यावर पट्टी लावून बैठकीच्या रुंदीला उंचीने भागावे. इथे विक्री पानावरील फोटोत हे उत्तर 0.4 आले आणि काकूंच्या समईचेही तेवढेच आले. म्हणजे बैठक अरुंद असल्याची तक्रार निकालात निघाली.

पण इथेच थांबणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण प्रमाण जुळल्याने फक्त घडण जुळते, मोठेपणा जुळत नाही. लहान आणि मोठी समई एकाच घडणीची असेल, तर दोघींचे प्रमाण एकच येणार. मोठेपणा कळण्यासाठी फोटोत माहितीच्या मापाची एखादी वस्तू हवी. ए-फोर कागद 29.7 सेंमी लांब असतो आणि तो घरात मिळतो. तो मागे भिंतीला किंवा पुढे न ठेवता समईच्या खांबाच्या अगदी रेषेत उभा करावा, कारण तो कॅमेऱ्याच्या जवळ आला की मोठा दिसतो आणि माप बिघडते. ऑर्डरमध्ये 15 इंची, म्हणजे 38 सेंमीची समई निवडलेली होती. ती कागदाच्या वर सुमारे 8 सेंमी यायला हवी होती. आलेली समई जेमतेम 3 सेंमी वर आली, म्हणजे ती 13 इंची होती. विक्रेत्याच्या पानावर दोन्ही मापांना एकच फोटो होता. नीट पाहिल्यावर खांबावरचे गोल गड्डेही फोटोत चार आणि हातातल्या समईवर तीनच निघाले. उजेड कसाही असला तरी मोजणी बदलत नाही, म्हणून गड्डे, चोची, शिवणीच्या रेषा, बटणे अशा मोजता येणाऱ्या गोष्टी पडताळणीत आधी घ्याव्यात.

फोटो पाहून मजकूर सोडू नका

जोडीची तक्रार मजकुराने आपोआप मिटली. फोटोत दोन समया होत्या, पण खाली वर्णनात "1 नग" असे लिहिलेले होते. शेजारची रांगोळी आणि फुले जशी विक्रीला नव्हती, तशी दुसरी समईही नव्हती. हे पान तक्रार करण्याआधी, निवडलेल्या मापासकट, स्क्रीनशॉट काढून ठेवावे, कारण विक्रेता फोटो आणि मजकूर नंतर बदलू शकतो.

पुरावा पाठवताना

काकूंची तक्रार नव्याने लिहिली तेव्हा तिच्यात रंगाचा उल्लेखही ठेवला नाही. "ऑर्डरमध्ये 15 इंच, प्रत्यक्षात 13 इंच, खांबावर चारऐवजी तीन गड्डे" एवढेच लिहिले. सोबत समोरून काढलेला पूर्ण फोटो, कागदासह माप दाखवणारा फोटो, खोक्यावरील ऑर्डर क्रमांकाचे लेबल आणि पानाचा स्क्रीनशॉट असे चार फोटो दिले. फोटो कापू नयेत, उजळवू नयेत आणि मुलाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून पुढे पाठवू नयेत. नेहमीच्या पद्धतीने पाठवताना तिथे फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यात नोंदलेली तारीख-वेळेची माहितीही निघून जाते.

परतीचे कारण निवडताना "आता नको आहे" यावर बोट ठेवू नये, "वर्णनाशी जुळत नाही" हे निवडावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार जाहिरातीत सांगितलेले गुणविशेष नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि हा आधार मत बदलल्याच्या कारणाला मिळत नाही. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर हेच चार फोटो हाताशी ठेवून तक्रार नोंदवता येते. तोवर समईत तेल घालू नये, तिला चिंच लावू नये आणि मूळ खोके व आतले वेष्टन कोरड्या जागी जपून ठेवावे.